बाळाच्या डाव्या कानाला 'रेफर' आलंय, आणि एक डोळाही मधूनच आत जातो

अबोली · सोमवार, रात्री ९.५०

बाळ आज १७ दिवसांचं आहे. पूर्ण दिवसांचं, वजन ३ किलोच्या थोडं वर, एनआयसीयूत ठेवावं लागलं नाही. जन्मानंतर साधारण २० तासांनी ऐकण्याची ओएई चाचणी झाली. उजवा कान पास, डावा रेफर. १४ व्या दिवशी परत बोलावलं, तेव्हा फक्त डावा तपासला, पुन्हा रेफर. कागदावर 'दीड महिन्याने परत या' एवढंच लिहिलंय.

घरी दार आपटलं की दचकतं, टाळी वाजवली की डोळे मिटतं. दीड महिना थांबणं ठीक आहे का? आणि मधे करण्यासारखं काही आहे का?

जाता जाता अजून एक. दूध पिता पिता पेंगायला लागलं की एक डोळा क्षणभर नाकाकडे सरकतो. कधी डावा, कधी उजवा. तेही दाखवायला हवं का?

सदाफुली · सोमवार, रात्री १०.१५

धीर धर गं. हल्ली इम्प्लांटची शस्त्रक्रिया वर्षाच्या आत करतात आणि मुलं छान बोलतात. जितक्या लवकर नाव नोंदवशील तितकं बरं.

रानवारा · सोमवार, रात्री १०.३०

सदाफुली, एकदम इम्प्लांटवर कुठे उडी? 'रेफर' म्हणजे यंत्राला हवा तो प्रतिसाद मिळाला नाही, इतकंच. पहिल्या दिवशी कानाच्या नळीत जन्मावेळचा चिकटा असतो, पडद्यामागे पाणी असतं, त्यामुळे पहिल्या २४ तासांत केलेल्या चाचण्यांत रेफर जास्तच येतात. शिवाय एक कान पास आहे.

अबोली, बाळ दचकतंय ना? मग ऐकू येतंय. निवांत राहा, दीड महिन्याने जा.

कानोसा · सोमवार, रात्री ११.२०

ऑडिओलॉजिस्ट आहे, नवजात बाळांच्या चाचण्या हेच रोजचं काम. रानवारा यांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे, दुसरं नाही. पण त्याआधी तारखेचं बोलू, कारण ती हातातून जाईल.

बाळ १७ दिवसांचं आहे, म्हणजे तुमच्याकडे ४ दिवस आहेत. उद्या बालरोगतज्ज्ञांना सांगून बाळाची सीएमव्हीची तपासणी करून घ्या, लघवी किंवा लाळेवर, पीसीआर पद्धतीने. हा विषाणू गर्भात असताना बाळाला लागला तर बहुतेक बाळं जन्मतः अगदी ठणठणीत दिसतात, पण काहींचं ऐकणं जातं. कधी एकाच कानाचं जातं, कधी पुढच्या महिन्यांत वाढत जातं. जन्मापासून २१ दिवसांच्या आत विषाणू सापडला तर तो पोटातूनच आला असं म्हणता येतं. त्यानंतर सापडला तर तो जन्मानंतर, अगदी आईच्या दुधातूनही आलेला असू शकतो. त्यामुळे हीच तपासणी दीड महिन्याने केली तर पॉझिटिव्ह येऊनही प्रश्न सुटत नाही. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताचं कार्ड जपून ठेवलेलं असेल तर नंतर त्यावर शोधता येतं, पण त्यात नाही सापडला म्हणजे नव्हता असं होत नाही.

नमुना लाळेचा देणार असाल तर दूध पाजल्यावर निदान एक तास जाऊ द्या. दुधातले विषाणू तोंडात राहतात आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. लघवीला ही अडचण नाही, म्हणून जमलं तर लघवीच द्या.

आता टाळीचं. ओएईत कानात छोटी प्रोब बसवून बारीक टिकटिक सोडतात. आतला शंख निरोगी असेल तर त्यातल्या केसपेशी त्या आवाजाला उलट अतिसूक्ष्म आवाज करतात, आणि प्रोबमधला माइक तो पकडतो. साधारण ३० ते ४० डेसिबलच्या पुढे ऐकणं कमी असेल तर हा उलट आवाज येत नाही. जवळून वाजवलेली टाळी ८० डेसिबलच्या पुढे जाते. म्हणजे मध्यम स्वरूपाचा दोष असलेलं बाळही टाळीला दचकेल. त्यात तुमच्या बाळाचा उजवा कान चांगला आहे, तो एकटाच दचकायला पुरेसा आहे. एका कानाचा दोष खोलीत आवाज करून या वयात कळतच नाही. त्यात टाळीचा वारा चेहऱ्यावर येतो, हात हललेला दिसतो, ते वेगळंच.

दुसऱ्यांदा फक्त डावा कान का तपासला ते कळलं नाही. एक कान रेफर असला तरी फेरतपासणी दोन्ही कानांची एकाच बैठकीत करायची असते. पुढच्या वेळी तसं सांगा.

आणि दीड महिना कशासाठी? एक महिन्याच्या आत चाळणी पूर्ण, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू, असा जगभर पाळायचा हिशेब आहे. पहिल्या टप्प्यालाच उशीर झाला की पुढचे दोन्ही ढकलले जातात. एएबीआर, म्हणजे नसेचा प्रतिसाद मोजणारी चाळणी, करून घ्या, ती नसेल तर थेट निदानाच्या बेरासाठी, म्हणजे त्याच प्रतिसादाच्या सविस्तर चाचणीसाठी, तारीख घ्या. कानातला चिकटा १४ व्या दिवसापर्यंत सहसा गेलेला असतो. पडद्यामागचं पाणी मात्र राहू शकतं, तेव्हा साधं कारण अजून बाद झालेलं नाही.

तापमापी · मंगळवार, सकाळी ७.०५

बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. कानोसा यांचा २१ दिवसांचा मुद्दा चोख आहे. पण ओएई रेफर झालेल्या बाळांपैकी पुष्कळांचं ऐकणं शेवटी नीट निघतं. अशा प्रत्येकाची सीएमव्ही तपासणी केली की काही घरांत विनाकारण घबराट होते. पॉझिटिव्ह आलं आणि ऐकणं नीट असलं, तर आम्ही औषध देत नाही, नुसती वर्षानुवर्षं कानांची तपासणी करत राहतो. आणि फक्त कानाचा दोष असेल, बाकी काही नसेल, तर सहा महिने औषध द्यायचं की नाही यावर आमच्यातच एकमत नाही. त्या औषधाने पांढऱ्या पेशी उतरतात, वरचेवर रक्त तपासावं लागतं.

कानोसा · मंगळवार, सकाळी ८.४०

मान्य. पण नमुना घेणं आणि औषध देणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. औषध द्यायचंच ठरलं तर ते शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करायचं असतं. त्यामुळे बेरापर्यंत थांबून मग सीएमव्हीचा विचार करू म्हटलं तर तोवर दोन्ही दारं बंद झालेली असतात. दोन वेळा रेफर आलेल्या बाळाचा नमुना मी तरी घ्यायला सांगेन.

तापमापी · मंगळवार, सकाळी ८.५५

दोनदा रेफर असेल तर मीही घेईन. पहिल्याच रेफरला घ्यावा का, यावर मात्र माझा आक्षेप कायम.

डोळस · मंगळवार, दुपारी १.१०

डोळ्यांबद्दल मी सांगते, लहान मुलांच्या तिरळेपणाचंच काम करते.

१७ दिवसांच्या बाळाचा डोळा पेंगताना क्षणभर सरकतो, कधी हा कधी तो, आणि लगेच सरळ होतो: हे या वयात चालतं. दोन्ही डोळे एकत्र वापरायची घडी अजून बसलेली नसते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे कमी होत जातं आणि चौथा महिना संपेपर्यंत पूर्ण थांबायला हवं. कायम एकच डोळा वळत असेल, किंवा वळलेला डोळा वळलेलाच राहत असेल, तर मात्र वय कितीही असो, लगेच दाखवायचं. 'लहान आहे, जाईल' हे फक्त मधूनमधून सरकणाऱ्या डोळ्याला लागू आहे.

आज तुम्ही एकच गोष्ट विचारून घ्या: रेड रिफ्लेक्स बघितला का, आणि तो कागदावर लिहिलाय का? खोलीत अंधार करून साधारण हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपचा प्रकाश दोन्ही बाहुल्यांवर एकदम टाकतात. आतून लालसर-नारिंगी चमक परत येते. सावळ्या बाळांत ती फिकट, पिवळसरही दिसते, त्यामुळे रंगापेक्षा दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे महत्त्वाचं. एक बाजू काळी, पांढरी किंवा मंद असेल तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार असू शकतो. एका डोळ्याचा दाट जन्मजात मोतीबिंदू साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास काढला तर डोळ्याला शिकायची संधी मिळते. म्हणून ही चमक प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी आणि पुन्हा दीड महिन्याच्या भेटीत, अशी दोनदा बघायची असते. बाळ पहिल्या दिवशी डोळेच उघडत नाही, पापण्या सुजलेल्या असतात, मग 'नॉर्मल' असा शिक्का बसतो पण प्रत्यक्षात कुणी नीट पाहिलेलं नसतं. गडबड होते ती इथे.

आणि कानाचा कायमचा दोष ठरलाच तर डोळे नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासून घ्या. सीएमव्ही असो की काही आनुवंशिक कारणं, कान आणि डोळा दोघांनाही एकदम धरतात. शिवाय ज्याचं ऐकणं कमी आहे त्याने नजरेवर जास्त विसंबायचं असतं.

मृद्गंध · मंगळवार, रात्री ९.२०

धागा वेगळा आहे, पण माझा प्रश्न यातच बसतो. आमचं बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. ३२ व्या आठवड्यात जन्मलं, १२ दिवस एनआयसीयूत होतं. घरी सोडताना ओएई दोन्ही कान पास, म्हणून कानाचं आम्ही डोक्यातून काढलं. आता फोटोंत डावा डोळा नाकाकडे दिसतो. नातेवाईक म्हणतात नाक बसकं आहे म्हणून तसं वाटतं, वर्षभरात जाईल. खरं काय धरायचं?

रानवारा · मंगळवार, रात्री ९.४५

नाकाच्या कोपऱ्यातल्या कातडीच्या घडीने आतल्या बाजूचं पांढरं झाकलं जातं, म्हणून डोळा आत गेल्यासारखा भासतो. पुष्कळ बाळांचं तसंच असतं. नाक वर आलं की प्रश्न मिटतो.

डोळस · बुधवार, सकाळी १०.३०

रानवारा, असा भास खराच असतो आणि पुष्कळ बाळांना असतो. पण घडी दिसली म्हणून तिरळेपणा नाही असं ठरत नाही. दोन्ही एकाच बाळात असू शकतात. ठरवतो तो बाहुलीवरचा उजेडाचा ठिपका.

मृद्गंध, असा फोटो काढा. मोबाइलचा फ्लॅश चालू, रेड-आय कमी करायची सोय आणि चेहरा गुळगुळीत करणारी सगळी फिल्टरं बंद. खोलीत उजेड मंद, म्हणजे बाहुल्या मोठ्या होतील. बाळापासून साधारण मीटरभर अंतर, चेहरा जवळ हवा असेल तर झूम करा, मोबाइल पुढे नेऊ नका. लेन्सच्या अगदी वर खेळणं धरा, म्हणजे बाळ लेन्सकडेच बघेल. चेहरा सरळ हवा, दोन्ही कान सारखे दिसायला हवेत, कारण मान वळली की ठिपकाही फसवतो. असे ८-१० फोटो काढून त्यातले चांगले ५ निवडा.

मग मोठं करून बघा. दोन्ही डोळ्यांत ठिपका बाहुलीच्या मध्याशी एकाच जागी असेल (दोन्हीत नाकाच्या बाजूला किंचित सरकलेला असला तरी चालतो, फक्त सारखा हवा) तर भासच आहे. एका डोळ्यात मध्यावर आणि दुसऱ्यात कानाच्या बाजूला सरकलेला असेल तर तो डोळा खरोखर आत वळलाय. साधारण १ मिलिमीटर सरकला तर ७ अंश वळला, असा अंदाज असतो.

एक इशारा. एखाद्या फोटोत बाहुली पांढरी दिसली तर घाबरून जाऊ नका, बाळ लेन्सच्या बाजूला साधारण १५ अंशांवर बघत असेल तर डोळ्यातल्या नसेच्या मुळावरून उजेड परततो आणि पांढरं दिसतं. पण एकाच डोळ्यात, एकाहून जास्त फोटोंत, सरळ बघत असताना पांढरं दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना फोन करा. त्यात डोळ्यातली गाठही असू शकते आणि तिला वेळ देता येत नाही.

कानोसा · बुधवार, सकाळी ११.१५

मृद्गंध, तुमचा कानाचा मुद्दा मात्र मी डोक्यातून काढू देणार नाही. ओएई फक्त शंखातल्या केसपेशींपर्यंत बघते. शंखातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत गडबड असेल तर केसपेशी चोख उत्तर देतात, ओएई पास होते, आणि बाळाला मात्र आवाज तुटक पोचतो किंवा पोचतच नाही. हा प्रकार साध्या बाळांत क्वचित असतो. ज्यांना कावीळ खूप चढली, श्वास कमी पडला किंवा जी अपुऱ्या दिवसांची आहेत त्यांच्यात जास्त. म्हणून ५ दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची चाळणी ओएईने नाही, एएबीआरने करायची असते. तीत कपाळावर, मानेमागे आणि खांद्याजवळ असे तीन चिकटपट्टे लावून साधारण ३५ डेसिबलची टिकटिक देतात आणि नसेतून येणारा विद्युत प्रतिसाद मोजतात.

तुमची एएबीआर राहिली आहे, आता वय पुढे गेल्याने पूर्ण बेराच करा. या वयात बाळ झोपेत ठेवणं जरा अवघड, पण जमतं. आणि उलटी चूकही होते बघा: एएबीआर रेफर झाली की काही ठिकाणी 'खात्री म्हणून' ओएई करतात, ती पास झाली की घरी पाठवतात. नसेचा दोष असलेलं बाळ नेमकं त्यातूनच निसटतं.

मृद्गंध · शुक्रवार, रात्री ८.५०

५ फोटोंपैकी ४ मध्ये उजव्या डोळ्यात ठिपका मधोमध, डाव्यात बाहुलीच्या कानाकडच्या कडेजवळ. पाचव्यात बाळ हललंय. पांढरं कशातच नाही. अजून एक, उजवा डोळा हाताने झाकला की चिडून हात ढकलतं, डावा झाकला तर खेळत राहतं.

डोळस · शुक्रवार, रात्री १०.००

मग वर्ष सोडा, महिनाही थांबू नका. तुम्ही झाकून पाहिलंत ते सगळ्यात उपयोगी. उजवा झाकल्यावर चिडतंय म्हणजे उजव्यावरच भिस्त आहे, डाव्याला कमी दिसतंय किंवा त्याचा वापर सुटत चाललाय. दोन्ही डोळे आळीपाळीने वापरणारं बाळ कुठलाही झाकला तरी सारखंच वागतं.

भेटीत दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. थेंब घालून, डोळ्याची नंबर जुळवायची धडपड थांबवून नंबर काढणं, आणि त्याच थेंबांत पडदा शेवटपर्यंत बघणं. आत वळलेला डोळा हा काही वेळा परिणाम असतो, मूळ कारण पडद्यात किंवा भिंगात असतं. पडदा न बघता नुसता चष्मा किंवा पट्टी दिली तर दुसरं मत घ्या. अपुऱ्या दिवसांत जन्म झालाय म्हणून पडद्याची रक्तवाहिन्यांची तपासणी पहिल्या काही आठवड्यांत झाली होती का, तो कागदही न्या. तिथे रेड रिफ्लेक्स पुरत नाही, तो रोग चमकेत दिसत नाही.

शस्त्रक्रिया लागली तर कधी, यावर वाद आहे. वर्षाच्या आत केली तर दोन डोळ्यांनी खोली जाणवण्याची थोडी संधी वाढते असं एक मत. दुसरं मत, या वयात कोन नीट मोजताच येत नाही, काहींचा नंतर आपोआप कमी होतो, घाई केली तर पुन्हा टेबलावर न्यावं लागतं. कमी दिसणाऱ्या डोळ्याचा उपचार मात्र त्याआधी सुरू होतो, त्यात वाद नाही.

अबोली · पुढचा बुधवार, रात्री ८.१५

लघवीचा नमुना १९ व्या दिवशी दिला, रिपोर्ट निगेटिव्ह. रेड रिफ्लेक्स कागदावर लिहिलेला नव्हता, परत पाहिला, दोन्ही सारखे. एएबीआरची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली.

अबोली · सहा आठवड्यांनी, रविवार

मधे एएबीआरही डाव्या कानाला रेफरच आली, म्हणून बेरा केली. बाळ तेव्हा ९ आठवड्यांचं होतं. कानोसा, रिपोर्ट असा: उजवा कान सगळीकडे २० डेसिबल. डावा कान हवेतून ५० ते ५५, हाडावरून ४०. पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री १००० हर्ट्झला डावी सपाट, उजवी नॉर्मल. 'मिश्र दोष' लिहिलंय. तिथे म्हणाले, 'पाणी आहे, जाईल'. मग निवांत राहायचं का?

कानोसा · रविवार, रात्री

आधी चांगली गोष्ट, टिंपॅनोमेट्री १००० हर्ट्झनेच केलीय. नेहमीच्या २२६ हर्ट्झच्या टोनने इतक्या लहान बाळाची मऊ नळीच हलते आणि पाणी असूनही आलेख नॉर्मल दिसतो.

आता आकडे. हवेतून दिलेला आवाज नळी, पडदा, मधला कान असा सगळा रस्ता चालून जातो. हाडावरून दिलेला मधला कान टाळून थेट शंखाशी पोचतो. नुसतं पाणी असतं तर हाडावरचा आकडा २० च्या आसपास आला असता. तुमचा ४० आहे. म्हणजे ५० ते ५५ मधले १०-१५ पाण्याचे, आणि उरलेला भाग आतल्या कानाचा. पाणी जाईल, तो भाग जाईलच असं नाही. 'जाईल' हे वाक्य अर्ध्याच दोषाला लागू आहे.

तरी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, आकडे 'एनएचएल' मधले आहेत की 'ईएचएल' मधले. पहिल्यात प्रत्यक्ष ऐकण्यापेक्षा आकडा मोठा दिसतो, खालच्या स्वरांत १०-१५ डेसिबलपर्यंत, त्यामुळे खरा दोष लिहिलाय त्याहून थोडा सौम्य असू शकतो. दोन, हाडावरून दिलेला आवाज कवटीतून उजव्या कानालाही पोचतो. ४० चा प्रतिसाद डाव्याचाच आहे हे कसं ठरवलं? नीट सांगता आलं नाही तर ती चाचणी पुन्हा हवी.

पाणी उतरायला वेळ देऊन बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत बेरा परत करा. तोवर बाळ नैसर्गिक झोपेत ठेवता येतं, पुढे औषध देऊन झोपवायची वेळ येते. जायच्या आधी दोन तास जागं ठेवा, दूध तिथे पोचल्यावर पाजा, कपाळाला तेल-क्रीम लावू नका, पट्टे नीट चिकटत नाहीत. दीड-दोन तासांची तयारी ठेवा. बाळ मधेच उठलं आणि एकाच स्वराचा आकडा मिळाला, तर 'बाकीचे अंदाजे' लिहून घेऊ नका, दुसरी बैठक मागा.

सदाफुली · सोमवार, सकाळी

म्हणजे मशीन लावायचं का शेवटी?

कानोसा · सोमवार, दुपारी

आत्ता सांगता येत नाही, आणि ठरल्यावरही सरळ उत्तर नाही. दोन्ही कानांचा दोष असता तर मी लगेच हो म्हटलं असतं. एकाच कानाच्या मध्यम दोषाला इतक्या लवकर श्रवणयंत्र लावून भाषेत किती फरक पडतो, यावर आमच्या क्षेत्रात अजून दोन तट आहेत. मी फेरतपासणीत दोष टिकला तर पालकांसमोर पर्याय ठेवते आणि लावून बघायचं असेल तर लवकर लावते. इम्प्लांटचा विषय इथे नाहीच.

वाद नाही तो उजव्या कानाबद्दल. सगळा भार त्यावर आहे, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दोन्ही कान तपासा. सर्दीने उजव्या पडद्यामागे पाणी साठलं तर दुसऱ्या बाळाला जे किरकोळ, ते तुमच्या बाळाला मोठं.

अबोली · सोमवार, रात्री

समजलं. घरी काय बघत राहू? टाळी बाद केलीत म्हणून विचारते.

कानोसा · सोमवार, रात्री ११.००

बाळ सहा-सात महिन्यांचं होऊन आधाराने नीट बसायला लागलं की हे करा. एकाने समोर बसून साध्या खेळण्यात लक्ष गुंतवायचं, फार रंगू द्यायचं नाही. दुसऱ्याने मागे, बाळाच्या कानाच्या उंचीला, साधारण हातभर अंतरावर उभं राहायचं. सावली पुढे पडता कामा नये, पावलं वाजता कामा नयेत. मग पातळ कागद हलकेच चुरगळायचा किंवा दबक्या आवाजात 'स्स' म्हणायचं. उजवीकडून तीनदा, डावीकडून तीनदा, क्रम बदलत, मधे एखादी वेळ काहीच आवाज न करता. नुसत्या हालचालीला वळतंय की आवाजाला, हे त्या गप्प वेळेवरून कळतं.

बोलण्याकडेही लक्ष ठेवा, पण 'आऽ', 'ऊऽ' वर समाधान मानू नका. तसे आवाज अजिबात ऐकू न येणारी बाळंही काढतात. 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची ओळ दहाव्या-अकराव्या महिन्यापर्यंत यायला हवी. ती आली नाही, किंवा सुरू होऊन बंद पडली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि सगळं वहीत लिहा, तारखेसकट. डावीकडच्या आवाजाला बाळ उजवीकडे वळलं तर 'ऐकलं नाही' असं लिहू नका. ऐकलंय, दिशा चुकलीय. एका कानाने ऐकणाऱ्या बाळाचं तसंच होतं. दोन्हीकडच्या आवाजाला एकदाही वळलं नाही, तर मात्र त्याच आठवड्यात या.